उशिराचा आकार

गेल्या वर्षीच्या जून महिन्यातील एका सायंकाळी सूनबाईंनी आमच्या पुढ्यात एक छापील कागद ठेवला आणि "बाबा, एवढं एकदा नजरेखालून घाला," असे म्हणून त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. सरकारी हिशेबखात्यात आम्ही तेहेतीस वर्षे काढली असल्यामुळे घरातील कोणताही आकड्यांचा कागद अखेर आमच्याकडेच येतो. पण हा कागद हाती घेताना मन थोडे कष्टी झाले, हे लपवून काय उपयोग? ते आमच्या दोन नातवंडांना दिवसभर सांभाळण्याचे दरपत्रक होते.

आमचे बालपण सदाशिव पेठेतील वाड्यात गेले. सतरा माणसांच्या त्या घरात मुलांना कोण सांभाळतो, हा प्रश्न कधी कोणी विचारलाच नाही. आमच्या एक आत्या होत्या. लहान वयात वैधव्य आलेल्या आणि तेव्हापासून माहेरीच असलेल्या. ज्या मुलाची आई कामात असेल, ते मूल आत्यांच्या मांडीवर, इतकी ती सोपी व्यवस्था होती. आज आमच्या कोथरूडच्या घरात आम्ही सहाजण आहोत. चिरंजीव आणि सूनबाई दोघेही हिंजवडीस नोकरीला जातात. आमच्या कुटुंबाच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. डॉक्टरांनी वजन उचलण्यास साफ मनाई केलेली. आम्ही एकाहत्तरीचे. नातीला शाळेतून घेऊन येणे आम्हांस जमते, पण दीड वर्षाच्या नातवामागे नऊ तास धावणे जमत नाही. तेव्हा पाळणाघराला पर्याय नव्हता, आणि मनास न रुचणारी गोष्ट करावयाचीच असेल तर निदान तिचा हिशेब नीट करावा, असे ठरवून आम्ही चष्मा पुसला.

पत्रकात सहा ओळी होत्या. नोंदणी शुल्क दर मुलास ५,००० रुपये. अनामत एका महिन्याच्या शुल्काइतकी. मासिक शुल्क दोन वर्षांखालील मुलास १२,००० व शाळेनंतर येणाऱ्या मोठ्या मुलास ८,०००. जेवणखाणाचे दर मुलास १,५०० निराळे. दुसऱ्या भावंडास १५ टक्के सवलत. आणि सर्वांत खाली, बारीक अक्षरांत, उशिरा नेण्याचा आकार.

सूनबाईंनी भावंडांच्या सवलतीभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढून बाजूला ३,००० असा आकडा मांडला होता. दोघांचे मिळून वीस हजार, त्याचे पंधरा टक्के तीन हजार, असा त्यांचा सरळ हिशेब. पण "दुसऱ्या भावंडास" या दोन शब्दांनी आम्हांस थांबविले. दुसरे भावंड कोणते? वयाने धाकटे की शुल्काने धाकटे? आम्ही दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन विचारले. संचालिकाबाई मोकळ्या स्वभावाच्या निघाल्या. त्या म्हणाल्या, "काका, सवलत नेहमी कमी शुल्काच्या मुलावर. तुमच्या बाबतीत नातीच्या आठ हजारांवर." म्हणजे दरमहा तीन हजार नव्हेत, तर बाराशे. वर्षाकाठी या एका शब्दाने २१,६०० रुपयांचा फरक पडला. जेवणखाण, नोंदणी व अनामत यांना सवलत लागू नाही, हेही तेव्हाच कळले.

आम्हांस प्रथम यात व्यापारी चलाखी दिसली. पण त्यांनी कारण सांगितले ते पटण्यासारखे होते. दोन वर्षांखालील चार मुलांमागे त्यांच्याकडे एक बाई असते. मोठ्या दहा मुलांमागे एक. दोन मुले एका आईची असली म्हणून बाईच्या मांडीवरची जागा काही वाढत नाही. किराणा दुकानात दोन शेर साखर एकदम घेतली तर दुकानदाराचे श्रम वाचतात, तसे येथे काहीही वाचत नाही. सवलत मिळते ती एवढ्याचसाठी की, दोन मुलांचे कुटुंब सहसा पाळणाघर बदलत नाही आणि दोन जागा एकदम भरलेल्या राहतात. ती त्या स्थैर्याची किंमत आहे. म्हणून ती जेथे थोडकी पडेल तेथे दिली जाते. डेन्मार्कसारख्या देशात, जेथे बालसंगोपनाचा मोठा भार सार्वजनिक खजिना उचलतो, तेथे दुसऱ्या भावंडाला निम्मीच रक्कम पडते. पण तेथेही सर्वांत महाग जागेचे पुरे पैसे घेऊन सूट स्वस्त जागेवरच देतात. नियम एकच, फक्त सूट देणारा हात मोठा.

नोंदणी शुल्काचेही तसेच. ते परत मिळत नाही, म्हणून ते प्रत्येकाला डाचते. पण मूल येणार म्हणून जागा राखून ठेवावी आणि ऐन वेळी पालकांनी दुसरीकडे जावे, असे झाले तर त्या रिकाम्या जागेचे भाडे व बाईचा पगार कोणी द्यावयाचा? ते शुल्क घेण्यात अन्याय नाही. विचारण्याची गोष्ट एवढीच की, ते एकदाच की दरवर्षी, आणि दर मुलास की दर कुटुंबास. येथे ते दर मुलास, पण एकदाच होते. अनामत एक महिन्याची सूचना दिल्यास परत. आम्ही ही उत्तरे पत्रकाच्या कडेला लिहून त्यावर बाईंची सही घेतली. त्या हसल्या, पण जुनी सवय सुटत नाही.

जवळच आणखी एक पाळणाघर होते. तेथे नातवाचे ११,५०० व नातीचे ८,००० असा दर. सवलत मुळीच नाही. पण नोंदणी साऱ्या कुटुंबाची मिळून ४,०००. आम्ही दोन्ही हिशेब शेजारीशेजारी मांडले. पहिल्या ठिकाणी महिन्याचे वीस हजार, वजा बाराशे, अधिक जेवणाचे तीन हजार, मिळून २१,८००. बारा महिन्यांचे २,६१,६०० आणि नोंदणीचे दहा हजार धरून पहिल्या वर्षाचे २,७१,६००. दुसऱ्या ठिकाणी जेवण धरून महिन्याचे २२,५००. वर्षाचे २,७०,००० आणि नोंदणीसह २,७४,०००. अनामत दोन्हीकडे परत मिळणारी, म्हणून ती बाजूस ठेवली. फरक अवघा २,४०० रुपयांचा. पहिले स्वस्त ठरले, तेथील बायाही आमच्या कुटुंबाच्या मनास आल्या, आणि ५१,८०० रुपये पहिला हप्ता भरून आम्ही मोकळे झालो.

एक गोष्ट मात्र आमच्यासारख्या हिशेबनिसाच्याही नजरेतून निसटली. दुसरे पाळणाघर साडेसातला बंद होत असे, पहिले साडेसहाला. आणि खालची ती बारीक अक्षरांतील ओळ अशी होती : पंधरा मिनिटांची सूट, पावणेसातनंतर सुरू होणाऱ्या प्रत्येक अर्ध्या तासास, तो पुरा होवो वा न होवो, दर मुलास शंभर रुपये. "दर मुलास" या शब्दांकडे वाचकांनी लक्ष द्यावे. शुल्कात दुसरे भावंड सवलतीचे असते. उशिरात ते पुऱ्या दराचे असते. एका उशिराचे आम्हांस दोनशे पडणार होते. म्हणजे महिन्यात सहा वेळा उशीर झाला की बाराशेची सवलत सरली, आणि वर्षात बारा वेळा झाला की दोन पाळणाघरांमधील २,४०० रुपयांचा फरकही सरला.

पहिले चार महिने या ओळीचा आम्हांस उपद्रव झाला नाही, कारण संचालिकाबाई तो आकार घेतच नव्हत्या. मुलांना आणण्याचे काम चिरंजीवांचे. परतीच्या वाटेवर चांदणी चौकाच्या आसपास वाहनांची रांग लागली की त्यांचा आम्हांस दूरध्वनी येई, "बाबा, मी अडकलोय. तुम्ही जाल का?" आम्ही चपला घालून निघत असू, पंधरा मिनिटांची वाट. तरीही कधी उशीर होई. आमच्या रोजनिशीत सप्टेंबर महिन्यात अशा तीन वेळा टिपलेल्या आहेत. त्या तिन्ही वेळा चिरंजीव पाळणाघराच्या पायरीवर अक्षरशः धावत गेले आणि सांभाळणाऱ्या मावशींची क्षमा मागून आले.

दिवाळीनंतर दारावर सूचना लागली की, पालक फार उशीर करतात, सबब येत्या एक तारखेपासून उशिराचा आकार नियमितपणे घेतला जाईल व तो महिन्याच्या बिलात जोडण्यात येईल. सूचना वाचून आम्हांस बरे वाटले. माणूस खिशाला हात लागला की वेळेवर येतो, असा आमचा नोकरीतील अनुभव.

घडले ते उलट. डिसेंबर महिन्यात आमच्या घरचा उशीर आठ वेळा झाला. बिल आले २३,४०० रुपयांचे. सवलत गेलीच, वर चारशे अधिक. आम्ही चिरंजीवांस विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बाबा, पूर्वी उशीर व्हायला लागला की जीव खालीवर व्हायचा. आता निदान पैसे तरी देतो ना आपण? थंडीत तुम्हांला कशाला बाहेर काढायचं?" त्यांचे म्हणणे प्रेमाचेच होते. पण आमच्या ध्यानात आले की, डिसेंबरभर त्यांचा तो दूरध्वनी एकदाही आला नव्हता. पूर्वी उशीर हा अपराध होता, म्हणून तो टाळण्यासाठी घरातले दुसरे माणूस हलत असे. आता तो एक विकत मिळणारा अर्धा तास झाला होता. आणि विकत घेतलेल्या वस्तूसाठी कोणी क्षमा मागत नाही.

चिरंजीवांना दोष देणे सोपे आहे. आमची गोष्ट अधिक लाजिरवाणी आहे. जानेवारीतील एका सायंकाळी सव्वासहाला त्यांचा दूरध्वनी आला. त्या दिवशी तेच म्हणाले की बैठक लांबली आहे, जमल्यास तुम्ही जा. आम्ही बागेत समवयस्क स्नेह्यांबरोबर बुद्धिबळाच्या पटावर बसलो होतो. डाव रंगात आला होता आणि आमची बाजू वरचढ होती. मनात हिशेब झाला : दोनशे रुपये. डाव पुरा केला, जिंकलो, आणि सात वाजून दहा मिनिटांनी पाळणाघराच्या दाराशी पोचलो.

आतील दिवे मालवलेले होते. फक्त दारावरचा एक जळत होता. नात पायांत बूट, पाठीवर दप्तर अशी बाकावर बसलेली. नातू मावशींच्या खांद्यावर झोपलेला. दुसरी बाई खांद्याला पिशवी अडकवून फाटकाशी उभी. मावशींनी वही पुढे केली, आम्ही वेळ लिहून सही केली आणि, सांगताना आज संकोच वाटतो, जरा औदार्यानेच म्हणालो, "लिहा, आकार लिहा. तेवढीच तुमची सोय."

मावशी म्हणाल्या, "माझी कसली सोय, आजोबा? ते ऑफिसात जमा होतं. माझी पावणेसातची बस गेली. आता साडेसातची."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यामुळेच ते अधिक लागले. आम्ही विचारले तेव्हा थोडे थोडे कळले. त्यांची सात वर्षांची मुलगी शाळेतून आल्यावर शेजारणीकडे बसते. शेजारीण पैसे घेत नाही. "काही बोलत नाही ती," मावशी म्हणाल्या, "पण दार उघडताना तोंडाकडे बघते." म्हणजे आमच्या उशिराचा आकार दोन ठिकाणी पडत होता. एक दोनशे रुपयांचा, जो वहीत लिहिला जाई. आणि दुसरा मावशींनी शेजारणीच्या दारात भरावयाचा, जो कोणत्याही वहीत नव्हता.

घरी येताना नात आमचे बोट धरून चालत होती. मध्येच तिने विचारले, "आजोबा, उद्यापण पैशाच्या वेळेलाच यायचं का न्यायला?" पाच वर्षांच्या मुलीला दिवसाच्या दोन वेळा ठाऊक झाल्या होत्या : साडेसहाची साधी आणि त्यापुढची पैशाची. आम्हांस उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी पटावर मन लागेना. आमच्यातील एक स्नेही महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहेत. हकीकत ऐकून ते म्हणाले, "तुम्ही नवे काही सांगत नाही. याची परीक्षा होऊन गेली आहे." १९९८ साली इस्राएलमधील हैफा शहरात दहा पाळणाघरांत ही पाहणी झाली. उरी ग्नीझी आणि अल्दो रुस्तिचिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ती केली व २००० साली प्रसिद्ध केली. तेथे मुलांना चार वाजता न्यावयाचे असे. पहिले चार आठवडे नुसती नोंद ठेवली. पाचव्या आठवड्यापासून सहा पाळणाघरांत दहा मिनिटांहून अधिक उशिरास दहा शेकेल दंड लावला; उरलेल्या चारांत काहीच बदल केला नाही, म्हणजे तुलना करता यावी. दंडाची रक्कम तेथेही महिन्याच्या शुल्कातच मिळवीत. दंड लागलेल्या ठिकाणी उशिरा येणारे पालक कमी झाले नाहीत. वाढत वाढत ते जवळजवळ दुप्पट झाले. दंड नसलेल्या ठिकाणी प्रमाण होते तेथेच राहिले. खरी नवलाची गोष्ट पुढची. सतराव्या आठवड्यात दंड काढून टाकला, तरी उशीर पूर्वीच्या प्रमाणावर परत आला नाही. एकदा किंमत लागली की किंमत काढून घेतल्याने पूर्वीची भीड परत येत नाही, असा त्याचा अर्थ.

यावरून प्रत्येक दंड फुकट जातो असा निष्कर्ष काढू नये, हेही आमच्या स्नेह्यांनी बजावले. तेथे महिन्याचे शुल्क सुमारे चौदाशे शेकेल होते. त्या मानाने दहा शेकेल म्हणजे किरकोळ रक्कम. दंड जबर असता तर पालक कदाचित वेळेवर आले असते. लहान दंडाचा दोष हा की, तो उशीर थांबविण्याइतका मोठा नसतो आणि लाज घालविण्याइतका मात्र पुरेसा असतो.

त्या रात्री आम्हांस आत्यांची आठवण झाली. वाड्यातील व्यवस्था फुकट होती, असे आम्ही जन्मभर मानीत आलो. आता एकेक गोष्ट निराळी दिसू लागली. आत्यांना कीर्तनाची आवड होती. संध्याकाळी त्या धूतवस्त्र नेसून ओट्यावर बसत. पण बाहेर गेलेली एखादी काकू वेळेवर परतत नसे आणि मांडीवरचे मूल खाली ठेवता येत नसे. कीर्तनाचा पूर्वरंग त्यांनी पुष्कळदा ऐकलाच नाही. "उत्तररंग तर मिळाला," असे म्हणत त्या अंधारातून लगबगीने निघत. आम्ही मुले त्यांना हसत असू. उशिराचा आकार तेव्हाही होताच. तो आत्या भरीत होत्या, आणि बिल कोणाच्याही हाती पडत नव्हते. पाळणाघराने निदान तो कागदावर आणला. फक्त ज्याचे नुकसान होते त्याच्या हाती तो पोचत नाही, एवढा जुना दोष तसाच राहिला.

आठवडाभराने आम्ही संचालिकाबाईंना भेटलो. प्रथम आम्हीच सुचविले की, आकार शंभराचा पाचशे करावा. त्यांनी मान हलविली. "काका, तुम्ही पाचशे द्याल आणि तरी उशिरा याल. पण माझ्याकडे एक रुग्णालयातल्या परिचारिका आहेत. त्यांच्या पाळीवरची दुसरी बाई आली नाही, तर त्यांना रुग्ण सोडून निघता येत नाही. त्यांना महिन्यात चार वेळा पाचशे कसे लावू?" हे आमच्या ध्यानात आले नव्हते. एकच दंड एकाला चिल्लर आणि दुसऱ्याला आठवड्याची भाजी असतो. शिवाय त्यांनी सांगितले की, बंद होण्याच्या वेळेनंतर एक जरी मूल राहिले तरी दोन बाया थांबवाव्या लागतात. एकट्या बाईजवळ मूल ठेवावयाचे नाही, असा त्यांचा नियम. तो मुलाच्या सुरक्षिततेसाठी आहे आणि बाईवर भलता आळ येऊ नये म्हणूनही. म्हणून फाटकाशी ती दुसरी बाई उभी होती! आमच्या बुद्धिबळाच्या एका डावाने दोघींची संध्याकाळ घेतली होती.

बोलता बोलता तीन गोष्टी ठरल्या. उशिराची रक्कम आता ऑफिसात जमा होत नाही. त्या दिवशी ज्या दोघी थांबल्या त्यांच्यात ती निम्मी निम्मी वाटली जाते, आणि पालक ती बिलात नव्हे, तर त्याच वेळी त्यांच्या हाती देतात. दुसरी, प्रत्येक मुलाच्या नोंदीत आईबापांशिवाय आणखी एका माणसाचे नाव, छायाचित्र व दूरध्वनी लावला गेला. उशीर होणार असे दिसले की सहाच्या आत कळवावयाचे, म्हणजे त्या माणसाला बोलाविता येते; अनोळखी माणसाच्या हाती मूल देण्याचा प्रश्नही उरत नाही. तिसरी, महिन्यात तीनदा उशीर झाला तर चौथ्या वेळेपूर्वी पालकांनी येऊन बाईंजवळ बसून बोलावयाचे. परिचारिकाबाईंशी असे बोलणे झाले तेव्हा त्यांच्या पाळीच्या दिवसांपुरते एका शेजारी कुटुंबाचे नाव नोंदीत लागले, आणि त्यांचा उशीर बहुतेक थांबला.

सर्वांचा उशीर थांबला, असे आम्ही म्हणणार नाही. दोन कुटुंबे अजून पैसे देऊन निर्धास्त येतात, आणि हैफाची हकीकत ऐकल्यावर आम्हांस त्याचे आश्चर्यही वाटत नाही. आमच्या घरचा आकडा आठावरून दोनवर आला आहे. त्याचे कारण रक्कम नव्हे. रक्कम तीच आहे. कारण इतकेच की, शंभराच्या दोन नोटा मावशींच्या आणि दुसऱ्या बाईंच्या हाती ठेवताना त्यांच्या तोंडाकडे पाहावे लागते. चिरंजीवांनी ते एकदा केले, आणि दुसऱ्या दिवशी सहाला पाच कमी असताना आमचा दूरध्वनी वाजला.

नव्या आईबापांचा आमच्याकडे कधी कधी सल्ल्यासाठी फेरा होतो, तेव्हा ते पत्रक आम्ही कपाटातून काढून दाखवितो. कडेला आमच्या अक्षरांत प्रश्न आहेत : सवलत कोणत्या मुलावर, व कशाकशावर? नोंदणी एकदाच की दरवर्षी, मुलास की कुटुंबास? अनामत परत केव्हा? उशीर कोणत्या मिनिटापासून, आणि दर मुलास की कसे? त्यांखाली पुढे एक प्रश्न आम्ही जोडला आहे, जो तेहेतीस वर्षांच्या नोकरीत आम्हांस कधी सुचला नव्हता : उशिराचे पैसे कोणाला मिळतात?

परवा आम्ही साडेसहाला दोन मिनिटे असताना पोचलो. नातीचे बूट अजून घालावयाचे होते. नातू जागा होता. मावशींनी त्याला आमच्या कडेवर दिले, पदर खोचला आणि "येते आजोबा," म्हणून त्या रस्त्याला लागल्या. आम्ही कोपऱ्यावर पोचलो तेव्हा पावणेसातची बस थांब्यावर उभी होती आणि मावशी तीत चढत होत्या.